फोडणी, वाफ आणि खिडकीचं कापड

ब्लाइंडच्या दुकानात ‘हे धुता येतं का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘हो, एकदम वॉशेबल!’ हॉलच्या खिडकीसाठी हे उत्तर पुरतं, कारण तिथे धूळ बसते आणि ती ओल्या फडक्याने निघते. स्वयंपाकघरात मात्र धुळीच्या आधी तेल येऊन बसलेलं असतं. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तेल या कापडाच्या वर राहील की आत शिरेल? कापडाची निवड जवळजवळ सगळी या एका प्रश्नावर ठरते, आणि ब्लाइंड कसा गुंडाळावा, साखळी कुठल्या बाजूला घ्यावी, अशा पुढच्या गोष्टींचे धागेही तिथेच येऊन पोचतात.

आधी तेलाचं काय होतं ते पाहू. कढईत मोहरी तडतडते तेव्हा डोळ्यांना दिसणारे थेंब ओट्यावर आणि टाइल्सवर पडतात, ते पुसलेही जातात. पण त्यांच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म थेंबही उडतात. ते इतके हलके असतात की हवेबरोबर तरंगत खोलीभर फिरतात आणि एखाद्या थंड पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. रात्री खिडकी हा बहुतेक वेळा स्वयंपाकघरातला सर्वांत थंड भाग असतो. त्यामुळे गॅसपासून चार-पाच फूट लांब असलेल्या ब्लाइंडवरही तेलाचा पातळ थर बसतो. पहिले काही दिवस हा थर ओलसर असतो आणि भांड्यांच्या साबणाने सहज सुटतो. मग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. तेल आधी चिकट होतं, मग पिवळं आणि शेवटी वार्निशसारखं कडक. कढईच्या बाहेरच्या बाजूला जे तपकिरी, कशानेच न निघणारं पुट चढतं, ते याच प्रक्रियेतून आलेलं असतं. कढईला तारेची घासणी लावता येते, कापडाला येत नाही.

हे किती लवकर होतं ते तेलावरही अवलंबून असतं. सूर्यफूल आणि सोयाबीन ही तेलं लवकर चिकट होतात, शेंगदाण्याचं त्या मानाने सावकाश. खोबरेल तेल जवळपास अशा तऱ्हेने वाळतच नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या ज्या घरात अजून खोबरेलात स्वयंपाक होतो, तिथे खिडकीवरचा थर मेणचट राहतो, पण कोमट पाण्याने उतरतो. पुण्या-मुंबईच्या बहुसंख्य घरांत आता सूर्यफूल किंवा सोयाबीन वापरतात, त्यामुळे तिथे हाताशी वेळ कमी असतो.

आता कापड. रोलर ब्लाइंडचं कापड साध्या पडद्याच्या कापडासारखं नसतं. ते नळीवर सपाट गुंडाळलं जावं, त्याच्या कडा वळू नयेत, म्हणून त्याला कडकपणा देणारी प्रक्रिया केलेली असते. सर्वांत जास्त विकलं जातं ते विणलेलं पॉलिएस्टर. दुकानदार म्हणतो, पॉलिएस्टर पाणी शोषत नाही. हे खरं आहे. पण जो धागा पाण्याला दूर ठेवतो, तोच तेलाला जवळ करतो. कपडे धुताना अनेकांनी पाहिलं असेल की पॉलिएस्टरच्या शर्टाच्या कॉलरवरचा तेलकट डाग सुती शर्टापेक्षा जास्त हट्टी असतो. विणीतल्या दोन धाग्यांच्या मधल्या फटी तेल ओढून घेतात, आणि एकदा आत गेलेलं तेल वरून पुसून बाहेर येत नाही. म्हणून साधं विणलेलं पॉलिएस्टर, कितीही सुंदर पोताचं असलं, तरी ओट्याजवळ लावण्याचं कापड नव्हे. सुती, लिनन, ताग किंवा बांबूच्या काड्यांचे ब्लाइंड तर चर्चेतच घेऊ नयेत.

ब्लॅकआउट कापड खोलीत अंधार करण्यासाठी असतं. त्याच्या मागच्या बाजूला फोमसारखा मऊ लेप असतो. स्वयंपाकघरात अंधार कोणाला हवा असतो, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या लेपाचं वाफेशी जमत नाही. ओलसर असताना गुंडाळला तर एक थर दुसऱ्याला चिकटतो, आणि पुढच्या वेळी खाली ओढताना लेपाची खपली निघते. उजेडाकडे धरून पाहिलं की टाचणीएवढी भोकं दिसू लागतात.

सध्या फॅशन आहे ती झेब्रा ब्लाइंडची. त्यात पारदर्शक आणि घट्ट पट्टे आलटून पालटून असलेलं कापड दुहेरी लोंबतं. दिवाणखान्यात ते छान दिसतं. स्वयंपाकघरात मात्र पुसायच्या बाजू दोनच्या चार होतात, आणि जाळीदार पट्टा पुसताना ताणला गेला की पट्टे एकमेकांसमोर जुळेनासे होतात. माझं मत विचाराल तर फोडणीच्या घरात झेब्रा नको.

उरले दोन पर्याय. एक ‘सनस्क्रीन’ म्हणून विकलं जाणारं कापड. यात पॉलिएस्टरच्या किंवा काचतंतूच्या धाग्यावर आधी पीव्हीसीचा लेप चढवतात आणि मग तो धागा विणतात. धागा स्वतः तेल पीत नाही, पण विणीत मुद्दाम बारीक छिद्रं ठेवलेली असतात. ती किती आहेत हे टक्क्यांत सांगतात: १, ३, ५ किंवा १० टक्के उघडं. पश्चिमेचं ऊन अडवून बाहेरचं दृश्य दिसू द्यायचं असेल, तर ५ टक्क्यांचं गडद रंगाचं कापड उत्तम काम करतं. त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे चिमणी चालू असताना हवा त्या छिद्रांतून ये-जा करते, मग छिद्रांच्या कडांवर तेल आणि धूळ साचते आणि ती काढायला मऊ ब्रश लागतो. दुसरी अडचण रात्रीची. आत दिवा लागला आणि बाहेर अंधार झाला की हेच कापड उलटं वागतं. आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही आणि समोरच्या इमारतीतल्यांना आतलं बरंचसं दिसतं. समोरची इमारत वीस फुटांवर असेल, तर हे घेण्याआधीच कळलेलं बरं.

दुसरा पर्याय सपाट लेप असलेल्या कापडाचा. पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा सलग थर दिलेला असतो, त्यामुळे पृष्ठभाग बंद होतो. त्यातून उजेड मंद होऊन येतो, आरपार मात्र दिसत नाही. स्पर्शाला ते थोडं प्लास्टिकसारखं लागतं आणि पोताची श्रीमंती त्यात नसते. पण तेल वर राहतं, आणि वर राहिलेलं तेल पुसता येतं. स्वयंपाकघरासाठी मी हेच घेईन. याचंही आयुष्य अमर्याद नसतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ तेल हळूहळू ओढून बाहेर काढतं, त्यामुळे वर्षानुवर्षं न पुसलेला ब्लाइंड ठिसूळ होऊन गुंडाळीच्या रेषांवर तडकतो. रॉकेल, थिनर किंवा स्पिरिटने पुसण्याचा उत्साह दाखवला तर हेच नुकसान लवकर होतं.

लेप दोन्ही बाजूंनी आहे की एकाच, हे हाताला चटकन कळत नाही. त्यासाठी घरी तळहाताएवढा नमुना आणावा, दुकानदार तो देतात. फोडणीचं हळद घातलेलं तेल कोमट असताना त्याचा एक थेंब पुढच्या बाजूवर आणि एक मागच्या बाजूवर टाकावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी आधी उलटी बाजू पाहावी. तिथे तेलाची गडद कडा उमटली असेल तर तेल आरपार गेलं आहे आणि ते कापड परत द्यायचं. नसेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावं. पुसल्यावर जागा बोटाला चिकट लागते का, उजेडाकडे धरल्यावर आजूबाजूपेक्षा जास्त पारदर्शक दिसते का, हे बघावं. फिकट पिवळा रंग राहिला तरी घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणूनच तर हळदीचा डाग पडलेला कपडा आपण उन्हात वाळत घालतो. नमुना दोन दिवस खिडकीत ठेवला तर रंग उडून जाईल. साबण लागताच डाग लालसर झाला तर तेही नेहमीचंच आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं, त्याचंच हे छोटं रूप. खरी परीक्षा तेलाची आहे.

वाफेची परीक्षा याहून सोपी. त्याच नमुन्याची एकच बाजू पाण्याने ओली करून तो टेबलावर मोकळा वाळू द्यावा. कडा वर वळल्या आणि तशाच राहिल्या, तर कुकरच्या शिट्ट्यांपुढे पूर्ण आकाराच्या ब्लाइंडचंही तेच होणार. कडा वळलेला ब्लाइंड गुंडाळताना बाजूच्या ब्रॅकेटला घासतो, कडेचे धागे सुटू लागतात आणि मग तो कधीच सरळ दिसत नाही.

वाफेचं दुसरं काम जास्त छुपं असतं. पॉलिएस्टर किंवा पीव्हीसी हे बुरशीचं खाणं नव्हे, पण त्यावर बसलेला तेल-धुळीचा थर बुरशीला चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की गुंडाळलेलं कापड आतून वाळत नाही. रोज सकाळी ओलसर ब्लाइंड वर गेला आणि दिवसभर वरच राहिला, तर गणपतीपर्यंत त्यावर काळे ठिपके दिसू लागतात. ते नेहमी आडव्या ओळींत असतात. गुंडाळीत जिथे थर एकमेकांना टेकले होते, तिथेच ते उगवतात. त्या ओळी दिसल्या की ब्लाइंड ओला असतानाच वर गेला होता हे समजावं.

आता यंत्रणेकडे वळू. रोलर ब्लाइंडचा एक जुना प्रकार स्प्रिंगचा आहे. अमेरिकेत स्ट्यूअर्ट हार्टशॉर्न यांनी १८६४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खालची पट्टी धरून ओढायची, हलकासा झटका द्यायचा, की कापड आपोआप वर जातं. त्यात साखळी नाही, म्हणून दिसायला तो नेटका. पण प्रत्येक वेळी हात कापडाला किंवा पट्टीला लागतो, आणि स्वयंपाकघरात हात बहुधा कणकेचा, तेलाचा किंवा निदान ओला तरी असतोच. साखळीच्या ब्लाइंडमध्ये हात फक्त साखळीला लागतो आणि साखळी धुता येते. ओट्याजवळ साखळीचा ब्लाइंड घ्यायचं माझ्या मते हेच मुख्य कारण आहे.

त्याची रचना साधी आहे. अ‍ॅल्युमिनियमची एक पोकळ नळी, तिच्या एका टोकाला क्लच आणि दुसऱ्या टोकाला दबणारी पिन. क्लचमध्ये दातेरी चाक असतं, त्या दात्यांत साखळीचे मणी बसतात. आत एका दांड्यावर घट्ट बसलेली स्प्रिंग असते. साखळी ओढली की स्प्रिंग किंचित सैल होऊन नळी फिरू देते. साखळी सोडली की कापडाचं वजनच स्प्रिंग आवळतं आणि ब्लाइंड जिथे आहे तिथे थांबतो. म्हणजे ब्लाइंड थांबतो तो घर्षणाने. हे लक्षात ठेवलं तर एक नुकसान टळतं. साखळी जड चालली की अनेक घरांत क्लचमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडतात. दोन दिवस बरं वाटतं. मग स्प्रिंगची पकड जाते, ब्लाइंड आपोआप खाली घसरू लागतो आणि तेलाला धूळ चिकटून आत लगदा होतो. क्लचला तेल द्यायचं नसतं. साखळी जड झाली तर बहुतेक वेळा मण्यांवर चढलेला चिकटा हेच कारण असतं. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने साखळी मणी-मणी घासली की ती हलकी होते. साखळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. प्लास्टिकचे मणी पिवळे पडतात, आणि निकेलचा मुलामा दिलेली साखळी समुद्रकिनाऱ्याच्या गावात गंजते.

एक खिडकी घेऊन हे सगळं पडताळून बघू. समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर आहे. खिडकी पश्चिमेला, सरकत्या काचांची. खिडकीखाली सिंक, डावीकडे अडीच फुटांवर गॅस, समोर वीस फुटांवर दुसरी इमारत. संध्याकाळी पाचनंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं. कापड सपाट लेपाचं, दोन्ही बाजूंनी लेप असलेलं, फिकट राखाडी. पांढरा रंग टाळायचा, कारण तेलाचा पिवळेपणा त्यावर आधी दिसतो.

ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा की बाहेर भिंतीवर? बाहेर बसवला तर कडेने उजेड येत नाही, पण कापड ओट्याच्या अंगावर येतं आणि नळाचे शिंतोडे झेलतं. इथे आतच बसवू. रुंदी तीन ठिकाणी मोजायची. समजा ती वर १२२०, मध्ये १२१७ आणि खाली १२१४ मिलिमीटर भरली. आपल्याकडच्या चौकटी एवढ्या वाकड्या असतातच. घ्यायचं ते सर्वांत लहान माप, १२१४. ऑर्डर देताना हे ‘पोकळीचं माप’ आहे असं स्पष्ट लिहून द्यावं. मग थोडी मोकळीक ठेवण्यासाठीचे मिलिमीटर कारखाना वजा करतो. आपणही वजा केले आणि त्यांनीही केले, तर दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. तसंही क्लच आणि पिनेच्या जागेमुळे कापड पोकळीपेक्षा तीन ते साडेतीन सेंटिमीटर अरुंद असतं, ते टाळता येत नाही. आणखी एक सवय ठेवावी. आधी रुंदी लिहायची, मग उंची. उलट लिहिलं गेलं तर ब्लाइंड आडवा होऊन येतो, आणि मापाची वस्तू परत घेत नाहीत.

उंची १०७० मिलिमीटर. ब्लाइंड पूर्ण खाली असतानाही नळीवर दीडेक वेढा कापड राहायला हवं, म्हणून कापडाची लांबी साधारण सव्वा मीटर. नळी ३८ मिलिमीटर व्यासाची आणि कापड अर्धा मिलिमीटर जाड धरलं, तर गुंडाळल्यावर रोल ४७ मिलिमीटरचा होतो. चौकटीत पुढच्या कडेपासून सरकत्या काचेच्या पट्टीपर्यंत ८० मिलिमीटर जागा आहे, म्हणजे ब्रॅकेटसह तो मावतो.

याच ४७ मिलिमीटरमधून स्वयंपाकघराच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी गोष्ट निघते. एवढ्या रोलचा घेर सुमारे १५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे ब्लाइंड पूर्ण वर असताना एक मीटरहून अधिक कापडातला फक्त शेवटचा १५ सेंटिमीटरचा पट्टा हवेला उघडा असतो. बाकी सगळं आत सुरक्षित. फोडणीच्या आधी, तळणाच्या आधी ब्लाइंड वर घ्यायचा एवढा नियम पाळला तरी पुसायचं काम सातव्या हिश्शावर येतं. पश्चिमेच्या उन्हात संध्याकाळच्या स्वयंपाकाला हे नेहमी जमणार नाही. तेव्हा निदान तळण सकाळी उरकता येतं, किंवा ब्लाइंड डोळ्यांपुरता खाली घेता येतो.

मग प्रश्न येतो, त्या उघड्या पट्ट्याची कुठली बाजू बाहेर असते? नेहमीच्या पद्धतीत कापड नळीच्या मागून, काचेच्या बाजूने खाली येतं. अशा वेळी गुंडाळलेल्या रोलवर कापडाची मागची बाजू आपल्याकडे येते आणि तेल तिच्यावर बसतं. लेप एकाच बाजूला असेल, तर नेमकी उघडी वीण तेलाच्या तोंडी जाते. उलट गुंडाळी सांगितली, म्हणजे कापड नळीच्या पुढून खाली येईल अशी, तर रोलवरही पुढचीच बाजू बाहेर राहते. इथे दोन्ही बाजूंना लेप आहे, तरीही मी उलट गुंडाळीच सांगेन. काचेच्या पट्टीवरची कडी काही मिलिमीटर पुढे आलेली असते, त्यामुळे मागून येणारं कापड रोज तिला घासलं असतं. शिवाय पुढून येणाऱ्या कापडामागे नळी झाकली जाते.

खालच्या पट्टीचेही दोन प्रकार मिळतात. एकात कापडाला खिसा शिवून त्यात पट्टी घातलेली असते. शिवणीच्या भोकांतून ओल आत जाते आणि खिशात राहते. दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उघडी असून दोन्ही टोकांना टोप्या असतात. ओट्यावर ही दुसरी बरी.

साखळी उजवीकडे, गॅसपासून दूर. ती सिंकमध्ये लोंबकळू नये एवढीच लांब. साखळीवर दोन लहान गोळे बसवलेले असतात, एक वरची मर्यादा आणि एक खालची. बसवणाऱ्याने खालचा गोळा विसरला, तर कधीतरी ब्लाइंड गरजेपेक्षा जास्त उलगडतो आणि उलट्या दिशेने गुंडाळला जाऊ लागतो. एके दिवशी अचानक कापडाची मागची बाजू समोर आली आणि साखळीच्या दिशा उलटल्यासारख्या वाटल्या, तर हेच झालेलं असतं. कापड पूर्ण खाली येईपर्यंत त्याच दिशेने साखळी ओढत राहिलं की सगळं पूर्ववत होतं. मग गोळा लावून घ्यावा.

साखळीचा बंद फास मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. स्टुलावर चढून खिडकीतून बघणारं लहान मूल त्यात गळ्याने अडकू शकतं, आणि अशा अपघातांत मुलं दगावली आहेत. म्हणून युरोपातल्या नियमांप्रमाणे अशा ब्लाइंडबरोबर सुरक्षेचं साधन द्यावंच लागतं. बहुधा ती भिंतीला किंवा चौकटीला स्क्रूने बसवायची एक क्लिप असते, जी साखळी ताणून धरते आणि मोकळा फास राहू देत नाही. आपल्याकडे ही क्लिप पाकिटात येते आणि बरेचदा पाकिटातच राहते. बसवायला आलेल्या दादांना ‘क्लिप लावूनच जा’ असं सांगावं.

बसवल्यावर पाच-सहा वेळा ब्लाइंड खाली-वर करून बघावा. कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत असेल तर आधी नळी पातळीत आहे का ते पाहायचं. नळी सरळ असूनही कापड डावीकडे जात असेल, तर ब्लाइंड पूर्ण उलगडून उघड्या नळीवर उजव्या टोकाला कागदी चिकटपट्टीचा दोन इंचांचा तुकडा लावतात. त्या टोकाची जाडी किंचित वाढते आणि कापड परत मधोमध येतं. फिटर लोकांची ही जुनी युक्ती आहे. पण तिच्यासाठी ब्लाइंड ताजा असावा लागतो, कडा घासून सुटल्यावर तिचा उपयोग नाही.

पुसण्याचं वेळापत्रक तेलाच्या वाळण्यावरून ठरतं. रोज फोडणी होत असेल तर महिन्यातून एकदा, थर कडक व्हायच्या आत. ब्लाइंड पूर्ण खाली घ्यायचा आणि खाली कोरडा पंचा पसरायचा. एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा लहान चमचा पुरतो. फडकं पिळून घेऊन वरून खाली हलक्या हाताने पुसायचं. जोर लावला तर लेपावर चकाकणारे चट्टे पडतात. मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. शेवटच्या १५ सेंटिमीटरच्या पट्ट्याला दोनदा. धुण्याचा सोडा वापरायचा मोह होतो, कारण तो तेल झटकन कापतो. पण तो अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही काळवंडवतो. वॉशिंग मशीनचा विचारच करू नये, त्यात कापडाचा कडकपणा निघून जातो आणि कडा वळतात. पुसल्यावर ब्लाइंड खालीच ठेवायचा. उन्हाळ्यात दोन तास पुरतात, पावसाळ्यात पंखा लावून रात्रभर.

एक सावधगिरी हवेची. दुकानातल्या चिमण्यांवर ताशी हजार-बाराशे घनमीटर हवा ओढण्याची क्षमता लिहिलेली असते. ती हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि बहुतेक वेळा ती उघड्या खिडकीतूनच येते. काच उघडी, ब्लाइंड खाली आणि चिमणी जोरात असेल, तर कापड शिडासारखं फुगून आत येतं. अडीच फुटांवरच्या गॅसला ते पोचणार नाही, पण ओट्यावरचं दुधाचं पातेलं त्याच्या टप्प्यात असतं.

आणि खिडकी गॅसच्या बरोबर मागेच असेल तर? जुन्या इमारतींत असं पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे कुठल्याच कापडाचा ब्लाइंड लावू नये. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. पीव्हीसी त्या मानाने लवकर विझतं, पण त्याचा धूर घसा आणि डोळे जाळणारा असतो. कापडावर आगरोधक अशी खूण असली तरी ती कोऱ्या कापडापुरती असते. त्यावर चढलेला तेलाचा थर कोणतीच खूण न बघता पेटतो. अशा खिडकीला काचेवर दुधी फिल्म चिकटवावी. उजेड येतो, समोरच्यांना आतलं दिसत नाही, आणि पुसायची असते ती फक्त काच. ऊन फारच असेल तर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, ग्रिलच्या वर, पत्र्याचं छोटं छज्जं काढून घ्यावं. त्यासाठी सोसायटीची परवानगी मात्र आधी घ्यावी लागेल.